दिवाळी कायद्यात नाही

दर दिवाळीला एक फॉरवर्ड न चुकता येतो. पूर्वी म्हणे आपल्याकडे पगार आठवड्याला मिळायचा, म्हणजे वर्षाचे 52 आठवडे, चार-चार आठवड्यांचे 13 पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला आणि 12च पगार हातात पडू लागले. तो बुडालेला तेरावा पगार कामगारांनी लढून परत मिळवला, तोच दिवाळी बोनस. त्याखाली पन्नास अंगठे आणि मग भांडण. एक म्हणतो, बोनस हा आमचा हक्क, बापाची पेंड नाही. दुसरा म्हणतो, मालक देतो म्हणून मिळतो, उपकार माना. तिसरा महापालिकेच्या 31 हजारांची बातमी चिकटवून विचारतो, त्यांना एवढे आणि आम्हाला सोनपापडी?

या भांडणात तिघेही आपापल्या जागी थोडे बरोबर आहेत, आणि तरीही वाद व्यर्थ आहे, कारण तिघे तीन वेगवेगळ्या पैशांबद्दल बोलत आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. कायद्याचा बोनस हे देणं आहे आणि मालक आपणहून देतो ती सानुग्रह रक्कम ही मर्जी आहे. मर्जी वाईट नसते. पण देणं चुकवण्यासाठी मर्जी पुढे केली जाते, तेव्हा पैसे घेणाऱ्याला फरक कळलाच पाहिजे. तो फरक रकमेवरून कळत नाही. पात्रतेच्या अटीवरून कळतो.

आधी त्या फॉरवर्डचा निकाल लावू. गणित आकर्षक आहे, कारण 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. पण बोनसचा कायदा 1965 साली आला तेव्हा त्यातला किमान बोनस चार टक्के होता. बुडालेला महिना परत द्यायचा होता, तर अर्ध्याहून कमी का दिला? 8.33 हा आकडा 1972च्या दुरुस्तीने आला. आणीबाणीत 1975च्या वटहुकमाने तो काढून घेतला आणि वाटपयोग्य शिल्लक, म्हणजे नफ्यातून वजावटी जाऊन बोनससाठी उरणारा पैसा, नसेल तर किमान बोनसही नाही अशी व्यवस्था केली. 1977मध्ये सरकार बदललं तेव्हा तो परत आला. जो आकडा राजकारणाने वर-खाली झाला त्याला आपण पंचांगाचं गणित चिकटवतो. हा आग्रह निरुपद्रवी वाटतो, पण त्याचा तोटा आहे. ‘तेरावा पगार’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पगार आहे म्हणजे सगळ्यांनाच मिळणार, दिवाळीलाच मिळणार, पूर्ण मिळणार. यातलं एकही खरं नाही.

खरा इतिहास मुंबईच्या गिरण्यांत आहे आणि तो आजच्या वादाला जास्त उपयोगी आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरणीमालकांचा नफाही भडकला, तेव्हा 1917मध्ये कामगारांना पगाराच्या दहा टक्के युद्ध-बोनस दिला गेला. पुढच्या वर्षी तो पंधरा टक्के झाला. पुढे काही वर्षं नफ्यातून वार्षिक बोनसही मिळत राहिला. मग नफा उतरला आणि 1923चा बोनस मालकांनी नाकारला. 1924च्या सुरुवातीला दीड लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने काय सांगितलं? कामगारांना या बोनसवर प्रथेने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीनेही हक्क सांगता येत नाही. इतकी वर्षं हातात पडलेला पैसा मालकाची मर्जी ठरला. शब्द तोच, बोनस. पण मागायला गेल्यावर त्या शब्दामागे काहीच उभं नव्हतं.

तिथून 1965पर्यंतचा प्रवास हा मर्जीतून देणं घडवण्याचा प्रवास आहे. 1950मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून आधी काय काय वजा करायचं आणि उरलेल्यात कामगाराचा वाटा कसा धरायचा याचं सूत्र घातलं. 1955मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्युअर मिल्सच्या खटल्यात म्हटलं की बोनस ही बक्षिशी नाही आणि लांबवलेला पगारही नाही. फॉरवर्डवाल्यांनी दुसरं वाक्य वाचावं आणि उपकारवाल्यांनी पहिलं. मग बोनसच्या प्रश्नासाठी नेमलेला मेहेर आयोग आला, मग कायदा. त्या कायद्याने तोट्यातही किमान बोनस द्यायला लावला, मालक न्यायालयात गेले, आणि 1966मध्ये ती तरतूद टिकली.

आता विरोधी बाजू, आणि तिच्यात दम आहे. परिचयातले एक छोटे कारखानदार मला म्हणाले, “अहो, नावात काय आहे? माणसाला दिवाळीत पैसे मिळाल्याशी मतलब. मी कायद्यापेक्षा जास्तच देतो, वर सानुग्रह लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी मंदी आली तर माझ्या मानेला फास नको. तुम्ही प्रत्येक भेटीचा हक्क करायला निघालात तर भेट देणंच बंद होईल.” यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. घरकामाच्या बाईंना आपण दिवाळीची पोस्त देतो, तिचा दावा कोर्टात लागायला लागला तर आपणही हात आखडू. दुसरं असं की कायद्याचा बोनस ज्यांना लागूच नाही त्यांच्यासाठी सानुग्रह हा एकमेव रस्ता आहे. वीसपेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, जिथे सर्वसाधारणपणे कायदा पोचत नाही. धर्मादाय रुग्णालय. शाळा-महाविद्यालय. महापालिका. आणि पगार 21 हजारांच्या वर गेलेला प्रत्येक जण. ती मर्यादा 2014पासून हलली नाही, पगार मात्र हलले, त्यामुळे बढती मिळाली आणि बोनस गेला असं हजारोंच्या बाबतीत होतं. तिथे मालकाने आपणहून काही दिलं तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

मग माझं भांडण कशाशी आहे? “कायद्यापेक्षा जास्तच देतो” या वाक्याशी. हे वाक्य तपासून बघायचं असतं, आणि तपासलं की अनेकदा गळतं.

ओळखीतला एक मुलगा चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. 1 ऑगस्ट 2024ला लागला. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 16,500, घरभाडं, प्रवास, हजेरी भत्ता वगैरे धरून 24,800. 2025च्या दिवाळीत त्याला 5,000 रुपये मिळाले, व्हाउचरवर ‘दिवाळी सानुग्रह’. बोनसचं विचारलं तर एचआरने तीन कारणं दिली. तुझा पगार 21 हजारांच्या वर आहे. तुझं वर्ष भरलेलं नाही. आणि तरीही आम्ही कायद्याने निघतील त्यापेक्षा जास्त दिलेत, हिशेब बघ, सात हजारांवर ऑगस्ट ते मार्च या आठ महिन्यांचे 8.33 टक्के 4,665 होतात.

त्या वर्षाला 1965चाच कायदा लागू होता, तेव्हा त्याच्याच मापाने बघू. पहिलं कारण चुकीचं, कारण 21 हजारांची पात्रता मोजताना फक्त बेसिक आणि महागाई भत्ता धरायचा. घरभाडं नाही, ओव्हरटाइम नाही, इन्सेंटिव्ह नाही. त्याचे धरायचे पैसे 16,500, म्हणजे तो पात्र. ही चूक इतकी सर्रास आहे की मी तिला चूक म्हणावं की सवय, कळत नाही. लोक स्वतःच आपलं सीटीसी बघून “आपण त्यात येत नाही” म्हणतात आणि विचारतही नाहीत. दुसरं कारणही चुकीचं. त्या हिशेबी वर्षात, म्हणजे इथे एप्रिल 2024 ते मार्च 2025 मध्ये, किमान 30 दिवस काम केलेलं असलं की माणूस पात्र होतो, भरपगारी रजा आणि भरपगारी बाळंतपणाची रजाही कामाचे दिवस म्हणून धरतात. वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर रक्कम कमी होते, हक्क जात नाही. प्रोबेशनवर असणं, कच्चं असणं, कंत्राटी असणं यानेही जात नाही. फक्त कंत्राटी कामगाराचा मालक ठेकेदार असतो, तेव्हा बोनसचं दार ठोठवायचं ते आधी त्याचं. ॲप्रेंटिस मात्र खरोखरच बाहेर आहे. चाकण-रांजणगावला ज्यांच्या गळ्यात प्रशिक्षणार्थीचं ओळखपत्र अडकवून पूर्ण पाळी काम करून घेतात, त्यांनी आपला करार ॲप्रेंटिसशिपचा आहे की नुसतं नाव तसं आहे हे बघणं म्हणूनच महत्त्वाचं.

तिसरं कारण खरं वाटतं आणि तिथेच मेख आहे. पात्रतेची मर्यादा एक आणि हिशेबाची मर्यादा दुसरी. 21 हजारांच्या आत असलेल्या माणसाचा बोनस त्याच्या पूर्ण बेसिकवर नाही, तर वरची टोपी घालून काढतात. ती टोपी 2015च्या दुरुस्तीपासून सात हजार किंवा त्या उद्योगातलं सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यापैकी जे जास्त असेल ते. मालकाचा हिशेबनीस पहिला अर्धा भाग वाचतो. समजा या मुलाच्या वर्गवारीचं किमान वेतन विशेष भत्त्यासह 13,200 आहे. मग आठ महिन्यांचे 1,05,600, त्याचे 8.33 टक्के 8,796 रुपये. 4,665 नव्हे, आणि 5,000ही नव्हे. पूर्ण वर्ष असतं तर 13,195. हा किमान आकडा आहे. कंपनीला नफा झाला असेल आणि वाटपयोग्य शिल्लक निघत असेल तर हा टक्का 20पर्यंत चढतो.

काही कंपन्यांत बोनस दरमहा स्लिपमध्येच येतो. तिथे 583 रुपये असा आकडा दिसला तर समजावं की सात हजारांचे 8.33 टक्के काढलेत. तो आगाऊ बोनस म्हणून चालू शकतो, पण तुमच्या उद्योगाचं किमान वेतन सात हजारांच्या वर असेल, तर 583 हा आकडाच सांगतो की फरक बाकी आहे.

मग त्या 5,000चं काय? इथे कायद्याचं कलम 17 येतं आणि ते मालकाच्या बाजूचं आहे. मालकाने त्या वर्षात पूजा बोनस किंवा प्रथेचा बोनस दिला असेल, किंवा बोनसचा काही भाग आधीच दिला असेल, तर तेवढी रक्कम कायद्याच्या बोनसमधून वळती करता येते. बोनसच्या नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकानाच असतो. गंमत बघा, बंगालची पूजा कायद्यात नावानिशी आहे, आपली दिवाळी नाही. तेव्हा कारखानदारांचं “नावात काय आहे” उलटं त्यांच्यावरच येतं. व्हाउचरवर ‘आगाऊ बोनस’ लिहिलं असतं तर 5,000 वजा होऊन 3,796 देणं उरलं असतं. ‘सानुग्रह’ लिहिलं, म्हणजे आपणहून दिलेली भेट, मग ती देण्यात वळती करण्यावर वाद उभा राहतो. मर्जी म्हणूनही मोजायची आणि देणं म्हणूनही मोजायची, असं दोन्हीकडून कसं चालेल? अगदी उदार होऊन वळती धरली तरी 3,796 रुपये बाकी आहेतच.

दिवाळी कायद्यात नाही याचा दुसरा परिणाम नोकरी सोडणाऱ्यांवर होतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडतात. कायदा हिशेबी वर्ष बघतो. वर्ष 31 मार्चला संपलं की आठ महिन्यांत, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत, बोनस द्यायचा. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडते म्हणून दोन्ही गोष्टी एका दिवशी उरकतात, एवढाच त्यांचा संबंध. आता जूनमध्ये राजीनामा दिलेल्या मुलीचं काय? मार्चअखेर संपलेल्या पूर्ण वर्षाचा बोनस तिचा झालेला आहे, शिवाय एप्रिल ते जूनचा पुढच्या वर्षी येणं आहे. पण तिला सांगतात, दिवाळीला हजेरीपटावर असणाऱ्यांनाच. ही अट सानुग्रहाला घालता येते. मर्जीच ती, कुणावर करायची ते देणारा ठरवेल. कायद्याच्या बोनसला ती घालता येत नाही. तिथे अपात्र ठरवायची कारणं 1965च्या कायद्याने मोजून दिली होती, अफरातफर, कामाच्या जागी दंगा-मारामारी, चोरी किंवा मालमत्तेची नासधूस, आणि त्यासाठी कामावरून काढलेलं असावं लागायचं. आपणहून नोकरी सोडणं त्या यादीत नाही. नोटीस पूर्ण न केल्याचंही नाही.

“मर्जी आहे” हे वाक्यही कायम खरं राहतं असं नाही. मुंबईच्या नागदेवी भागातले छोटे हार्डवेअर व्यापारी आपल्या माणसांना अनेक वर्षं आपणहून रक्कम देत होते. 1965ला ती बंद केली. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा बचाव असा की बोनसचा कायदा परिपूर्ण आहे, आमची दुकानं त्यात बसत नाहीत, म्हणजे बोनस हा विषयच संपला. 1976मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने हे तत्त्व फेटाळलं. कायदा नफ्याच्या बोनसबद्दल बोलतो, प्रथेने किंवा नोकरीच्या अटीने मिळणारा बोनस त्याने मारून टाकलेला नाही. पण प्रथा सिद्ध करणं सोपं नाही. खंड न पडता पुरेशी वर्षं मिळालेली, तोट्याच्या वर्षीही मिळालेली आणि दर सगळ्या वर्षी सारखा, एवढं दाखवावं लागतं. म्हणूनच हुशार मालक एका वर्षी पाच हजार, दुसऱ्या वर्षी सात, तिसऱ्या वर्षी चांदीचं नाणं असं बदलत राहतात आणि दर वेळी पत्रात लिहितात की ही एकवेळची रक्कम असून तिच्यावरून पुढे हक्क सांगता येणार नाही. मला यात लबाडी दिसत नाही. त्यांनी मर्जी मर्जीच ठेवली. ज्याला प्रथेचा दावा करायचा आहे त्याने मात्र सगळ्या वर्षांची पत्रं जपून ठेवावीत, पहिल्या वर्षीचं सुद्धा.

या उजेडात महापालिकेच्या 31 हजारांकडे बघा. वर्तमानपत्र ‘बोनस जाहीर’ छापतं, पालिकेचं परिपत्रक ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतं, आणि परिपत्रक बरोबर आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेचे कर्मचारी बोनसच्या कायद्याबाहेर आहेत. म्हणून तर दरवर्षी संघटनांच्या बैठका, आयुक्त, मुख्यमंत्री, आणि निवडणूक असेल तेव्हा आचारसंहिता लागायच्या आत घोषणा करायची धावपळ. देणं असतं तर घोषणा कशाला लागली असती? तेव्हा खासगी कारखान्यातल्या माणसाने त्या रकमेशी तुलना करून हळहळणं व्यर्थ आहे. त्याची रक्कम कदाचित लहान असेल, पण ती मिळवायला त्याला कुणाच्या बैठकीची वाट बघावी लागत नाही.

21 नोव्हेंबर 2025पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1965चा कायदा तिच्यात सामावला. 30 दिवस, 8.33, 20 टक्के, आठ महिने ही चौकट तीच राहिली आणि नव्या आस्थापनेला पहिली पाच वर्षं फक्त नफा झालेल्या वर्षाचाच बोनस देण्याची सवलतही. पगाराची मर्यादा आता सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. खरा बदल ‘वेतन’ या शब्दात आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. चाकणच्या मुलाला याने फरक पडत नाही, त्याचे 16,500 निम्म्याच्या वरच आहेत. पण ज्याचं बेसिक 15 हजार आणि एकूण 50 हजार आहे, त्याचं वेतन आता 25 हजार धरलं जाईल आणि 21 हजारांच्या मापाने तो बाहेर पडेल. बेसिक वाढवून घ्या म्हणून इतकी वर्षं ओरडणाऱ्यांना ही बाजू क्वचितच कुणी सांगते.

चाकणच्या मुलाने शेवटी एका पानाचा अर्ज लिहिला. हिशेबी वर्ष 2024-25, कामावर लागल्याची तारीख, बेसिक व महागाई भत्ता, किमान वेतनाचा दर, निघणारी रक्कम. ‘सानुग्रह’ हा शब्द त्यात नव्हता, दिवाळी हा शब्दही नव्हता. तो एचआरला मेलने गेला, कामगार आयुक्त कार्यालयात जायची पाळी आली तर लागेल म्हणून एक प्रत स्वतःकडे. जुन्या कायद्यात वसुलीच्या अर्जाला बोनस देय झाल्यापासून एक वर्षाची मुदत होती, तेव्हा तारीख महत्त्वाची. आठवड्याने हिशेबनिसाने बोलावून एक कागद पुढे केला, त्यावर छापलं होतं, ‘माझी बोनससह सर्व देणी मिळाली, तक्रार नाही’, आणि रकमेची जागा कोरी होती. मुलाने विचारलं, “साहेब, आकडा आधी भरताय ना?”